यादी छोटी, ओझं मोठं

कोणावर जास्त काम आहे, असं ऑफिसात विचारलं की बहुतेक लोक यादीकडे बोट दाखवतात. ज्याच्या नावावर जास्त कामं, तो जास्त दबलेला, असा साधा हिशोब. पण आपल्या मार्केट यार्डातला मुकादम हमालाच्या पाठीवर किती नग आहेत हे मोजत नाही. तो पोत्याचं वजन बघतो, आणि हमाल आज किती खेपा करून आलाय तेही बघतो. संगणकावर काम करणाऱ्या माणसाच्या बाबतीत मात्र आपण नुसते नग मोजतो आणि पुढे जातो.

मी पुण्यात एका सॉफ्टवेअर टीमच्या कामाचं नियोजन बघतो. आम्ही सहा जण आहोत आणि दवाखान्यांच्या बिलिंगचं सॉफ्टवेअर सांभाळतो. कामं जिरा नावाच्या प्रणालीत नोंदवली जातात, प्रत्येक कामावर एका माणसाचं नाव असतं, आणि दर दोन आठवड्यांनी पुढच्या पंधरवड्याची कामं ठरतात. मागच्या वर्षी अशाच एका पंधरवड्याच्या तोंडावर वरून एक मोठं काम आलं. एका ग्राहकाचा सगळा जुना डेटा नव्या डेटाबेसमध्ये हलवायचा होता, साधारण 40 तासांचं काम. ते कोणाला द्यायचं हे दोन दिवसांत ठरवायचं होतं.

व्यवस्थापकांनी पडद्यावर यादी उघडली. टीममधल्या एका तरुण मुलाच्या नावावर 14 कामं होती. डेटाबेस सांभाळणाऱ्या एक बाई आहेत, टीममधल्या सर्वांत अनुभवी. सगळे त्यांना ताई म्हणतात. त्यांच्या नावावर 6 कामं होती. प्रणालीतल्या तासांची बेरीज केली तर मुलाच्या नावावर 64 तास निघत होते आणि ताईंच्या नावावर फक्त 22. निष्कर्ष समोरच होता: मुलगा बुडालाय, ताई मोकळ्या आहेत, काम ताईंना द्या. शिवाय डेटाबेसचंच काम, त्यांच्याइतकं ते कोणाला जमणार?

मी म्हणालो, मला एक दिवस द्या, मी दोघांचा नीट हिशोब मांडतो. त्या दिवशी जे केलं ते आता मी दर पंधरवड्याला सगळ्या टीमसाठी करतो. त्यात कसलंही अवघड गणित नाही. दोनच आकडे काढायचे असतात: माणसाच्या अंगावर खरोखर किती तासांचं काम आहे, आणि ते करायला त्याच्याकडे खरोखर किती तास आहेत. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. कष्ट आहेत ते दोन्ही ठिकाणच्या ‘खरोखर’ या शब्दात.

आधी पहिला आकडा घेऊ. न संपलेली सगळी कामं माणसांप्रमाणे लावून बघायला जिरामध्ये एका ओळीचा शोध पुरतो. खाली `ABC` च्या जागी आपल्या प्रकल्पाचं नाव येतं:

```
project = ABC AND statusCategory != Done ORDER BY assignee
```

मुलाच्या 14 कामांवर मी एकेक करून नजर टाकली. त्यातली 5 कामं अनेक महिने पडून होती. कोणीतरी कधीतरी त्याच्या नावावर टाकलेली, कोणाला घाई नसलेली, या पंधरवड्यात हात लागण्याची शक्यता नसलेली. त्यांचे कागदावर 24 तास होते. आणखी 3 कामं ग्राहकाच्या उत्तरासाठी थांबलेली होती, त्यांचे 9 तास. ती कामं उद्याही परत येऊ शकतात, म्हणून मी ती विसरलो नाही, बाजूला वेगळी लिहून ठेवली. पण आज त्यांच्यावर करण्यासारखं काही नव्हतं. उरली 6 कामं आणि 31 तास. यादीचा निम्म्याहून जास्त भाग म्हणजे नुसती गर्दी होती.

ताईंच्या यादीत उलटं झालं होतं. तिथे गर्दी नव्हती, पण 6 पैकी 2 कामांवर तासांचा अंदाजच लिहिलेला नव्हता. बेरीज करणारी प्रणाली रिकाम्या जागेला शून्य समजते. म्हणजे ज्या कामाचा अंदाज करणं सर्वांत अवघड, म्हणून कोणी लिहिला नाही, तेच काम हिशोबात फुकट धरलं जातं. हा घोटाळा इतका नेहमीचा आहे की आता मी बेरीज करण्याआधी रिकाम्या जागा शोधतो:

```
project = ABC AND statusCategory != Done AND remainingEstimate is EMPTY
```

मी ताईंना त्या दोन कामांबद्दल विचारलं. एकात महिनाअखेरीला एक अहवाल फार हळू चालायचा, त्याचं कारण शोधायचं होतं. “कारण सापडलं तर दोन तास, नाही सापडलं तर दोन दिवस,” त्या म्हणाल्या. शेवटी दोन्ही कामं मिळून 16 तास धरू असं ठरलं. म्हणजे 22 नव्हे, 38 तास. ‘कारण शोधा’ अशा प्रकारच्या कामांना एक आकडा देणं कठीणच असतं, पण शून्य हा आकडा नक्की चूक असतो. अंदाजाने लिहिलेले 16 तास त्या शून्यापेक्षा सत्याच्या कितीतरी जवळ होते.

आता दुसरा आकडा. इथे बहुतेक ठिकाणी दिवसाला आठ तास धरून मोकळं होतात. त्या पंधरवड्यात दहा कामाचे दिवस होते आणि मध्ये एक सार्वजनिक सुट्टी, म्हणजे नऊ दिवस, म्हणजे 72 तास. कागदावर दोघांचीही क्षमता सारखीच, 72 तास. पण आठच्या आठ तास नावावरच्या कामाला देणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. त्यातून चार गोष्टी वजा होतात.

पहिली गोष्ट म्हणजे रजा. ताईंनी एका दिवसाची रजा आधीच सांगितली होती, आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं. त्यांचे झाले आठ दिवस, 64 तास. दुसरी गोष्ट बैठका. मुलाच्या कॅलेंडरमध्ये पंधरवड्यात 9 तासांच्या बैठका होत्या, ताईंच्या 12 तासांच्या. ‘डेटाबेसचा विषय निघाला तर असू द्या’ म्हणून त्यांना जिथे-तिथे बोलावलं जायचं. तिसरी गोष्ट म्हणजे किरकोळ: मेल, फोन, चॅटवरचे प्रश्न, ‘ताई, एक मिनिट’. त्याला मी प्रत्येकाचा रोजचा एक तास धरतो, आणि तोही बहुधा कमीच पडतो.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ती म्हणजे दुसऱ्यांच्या नावावरच्या कामात जाणारा वेळ. आमच्याकडे कोणी नवीन कोड लिहिला की दुसऱ्याने तो तपासल्याशिवाय पुढे जात नाही. डेटाबेसला हात लावणारा प्रत्येक कोड ताईंकडे तपासायला जायचा. जिरामध्ये ते काम लिहिणाऱ्याच्या नावावर दिसतं, तपासणाऱ्याच्या नाही. मी मागच्या तीन पंधरवड्यांत त्यांनी तपासलेले कोड मोजले, आणि एकेकाला किती वेळ जातो ते त्यांना विचारलं. पंधरवड्याला साधारण 8 तास निघाले. मग ग्राहकाकडे चालू सॉफ्टवेअर अडलं की येणारे फोन. त्यांची नोंद दुसऱ्याच विभागाच्या प्रणालीत होती. तिथून बघितलं तर त्यात ताईंचे सरासरी 10 तास जात होते. मुलाच्या वाट्याला या दोन्हीतलं जवळपास काहीच नव्हतं.

आता वजाबाकी. मुलाचे 72 तास, त्यातून बैठकांचे 9 आणि किरकोळचे 9 गेले, उरले 54. ताईंचे 64 तास, त्यातून बैठकांचे 12, किरकोळचे 8, तपासणीचे 8 आणि फोनचे 10 गेले, उरले 26.

आणि भागाकार. मुलाकडे 54 तासांत 31 तासांचं काम, म्हणजे 57 टक्के. ताईंकडे 26 तासांत 38 तासांचं काम, म्हणजे 146 टक्के. पडद्यावरची यादी सांगत होती मुलगा 89 टक्के भरलाय आणि ताई 31 टक्के. दोन्ही आकडे पूर्ण उलटे निघाले. आणि त्या उलट्या आकड्यांच्या भरवशावर ताईंच्या डोक्यावर आणखी 40 तास ठेवायची तयारी झाली होती.

इथे एखादा व्यवस्थापक जे विचारतो ते आमच्याही व्यवस्थापकांनी विचारलं. “असं असेल तर त्यांची कामं रखडायला हवी होती. त्या तर दर वेळी वेळेवर देतात.” प्रश्न रास्त होता. क्षमता मोजायची दुसरी पद्धत हीच आहे की वरून वजाबाकी करायच्या ऐवजी माणसाने मागच्या दोन-तीन पंधरवड्यांत खरोखर किती तासांची कामं पूर्ण केली ते बघायचं. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग नावाच्या कार्यपद्धतीत याला ‘कालचं हवामान’ म्हणतात: आजचं हवामान बहुधा कालच्यासारखंच असतं, तसं या पंधरवड्यात माणूस बहुधा मागच्याइतकंच काम करील. ताईंचे मागचे तीन आकडे होते 33, 36 आणि 33. सरासरी 34 तास. या हिशोबाने 38 तासांचं काम म्हणजे 112 टक्के. थोडं जास्त, पण चालण्यासारखं.

पण या दोन आकड्यांमधलं अंतर मला जास्त बोलकं वाटलं. कॅलेंडर म्हणतं या बाईंकडे 26 तास आहेत. इतिहास म्हणतो त्यांनी 34 तासांचं काम केलं. मधले 8 तास कुठून आले? एक शक्यता अशी की अंदाजच सैल असतील, 34 तासांची म्हणून लिहिलेली कामं खरं तर 26 तासांचीच असतील. दुसरी शक्यता अशी की ते तास घरून आले. आकड्यांवरून यातलं खरं काय ते कळत नाही, माणसाला विचारावं लागतं. अर्थात एक खूण जिरामध्येच होती. ताईंनी कामं पुढच्या रकान्यात सरकवल्याच्या वेळा होत्या रात्री साडेदहा, पावणेअकरा, एकदा तर सव्वाबारा.

मागच्या कामगिरीवर क्षमता ठरवण्यातला धोका हाच आहे. माणूस रात्र जाळून काम पुरं करतो, आपण त्या पुऱ्या झालेल्या कामालाच त्याची क्षमता समजतो, आणि पुढच्या वेळी तितकंच पुन्हा देतो. जितका तो झिजतो तितका तो कागदावर सक्षम दिसतो. म्हणून मी दोन्ही आकडे काढतो आणि शेजारी शेजारी लिहितो. ते जवळपास सारखे असले तर कोणताही वापरा. इतिहासाचा आकडा कॅलेंडरच्या आकड्यापेक्षा सतत मोठा असेल, तर थांबून विचारा.

मी विचारलं, आणि व्यवस्थापकांना आकडे दाखवायच्या आधी ते ताईंना दाखवले. कोणाच्याही कामाचा हिशोब त्याच्या पाठीमागे मांडला की तो हिशोब राहत नाही, पाळत होते. ताईंनी कागद बराच वेळ बघितला. मग म्हणाल्या, “मला वाटायचं माझाच वेग कमी झालाय. सहाच तर कामं आहेत नावावर, तरी पुरी होत नाहीत.” पोरं झोपली की लॅपटॉप उघडतात, असंही त्यांनी सांगितलं. तक्रार म्हणून नाही, जसं कोणी पाणी भरण्याची वेळ सांगावी तसं.

त्यांचं ते वाक्य माझ्या मनात राहिलं. छोट्या यादीने व्यवस्थापकांची दिशाभूल केलीच होती, पण खुद्द त्या बाईंचीही केली होती. वजन दिसत नसलं की वाकलेला माणूस आपल्या पाठीलाच दोष देतो. आणि असा माणूस सहसा तोच निघतो ज्याच्यावर सगळ्यांचा भरवसा असतो. भरवसा असतो म्हणून तपासणी त्याच्याकडे, अडल्यावर फोन त्याला, बैठकीत खुर्ची त्याची. आणि यातलं काहीच त्याच्या नावाखाली लिहिलं जात नाही.

मग 146 टक्क्यांचं करायचं काय? बरेच लोक म्हणतील 100 वर आणा. पण 100 हाही बरोबर आकडा नाही, आणि त्याचं कारण आपण मोहल्ल्यातल्या दवाखान्यात रोज बघतो. समजा डॉक्टरांना एका पेशंटला सरासरी दहा मिनिटं लागतात आणि पेशंट कधीही, कसेही येतात. डॉक्टरांचा निम्मा वेळ भरलेला असेल तर बाकावर सरासरी दहा मिनिटं थांबावं लागतं. 80 टक्के वेळ भरलेला असेल तर चाळीस मिनिटं. 90 टक्के असेल तर नव्वद मिनिटं. म्हणजे डॉक्टरांचं काम थोडंसंच वाढतं, पण रांग कितीतरी पटींनी वाढते. रांगांचं हे शास्त्र डेन्मार्कमधल्या एर्लांग नावाच्या गणितज्ञाने सुरू केलं. ते कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत होते आणि टेलिफोन वाहतुकीवरचा त्यांचा पहिला निबंध 1909 साली आला. वरचे आकडे त्याच शास्त्रातल्या सर्वांत साध्या नियमाचे आहेत. ऑफिसचं काम त्या नियमात तंतोतंत बसत नाही, पण दिशा तीच असते.

ताईंची रांग बघायला मला फक्त एक रकाना उघडावा लागला. `In Review` या रकान्यात, म्हणजे तपासणीच्या प्रतीक्षेत, इतरांची 4 कामं अडकली होती. चारही ताईंची वाट बघत होती, सर्वांत जुनं सहा दिवसांपासून. मुलगा बुडाल्यासारखा दिसण्याचं एक कारण इथे होतं: त्या चारांतली दोन त्याची होती. दबलेल्या माणसाची ही दुसरी खूण मी आता नेहमी बघतो. त्याच्या स्वतःच्या यादीआधी त्याच्या दारात थांबलेल्या इतरांच्या कामांची संख्या वाढते, कारण सज्जन माणूस आपलं काम रात्री करतो, पण दुसऱ्याचं तपासायला त्याला दिवसाच वेळ काढावा लागतो.

म्हणून ज्याच्याकडे अचानक फोन येतात, ज्याची इतर लोक वाट बघतात, त्याला 75 ते 80 टक्क्यांच्या वर भरायचं नाही, असं मी ठरवलंय. उरलेला पाचवा हिस्सा आळसासाठी नसतो. त्यातूनच फोन उचलले जातात, आणि आलेल्या माणसाला ‘बस, बघू काय झालंय’ असं म्हणता येतं.

80 वर आणायचं म्हणजे नावं बदलायची, असं वाटतं, पण नाव बदलायलाही वेळ लागतो. ताईंकडचं 10 तासांचं एक काम आम्ही मुलाला दिलं. त्याला ते नवीन होतं, म्हणून 16 तास धरले, आणि ताईंचे 3 तास त्याला समजावण्यात जाणार हेही धरलं. म्हणजे त्यांच्यावरचं काम झालं 28 तास, पण क्षमताही 26 वरून 23 वर आली. एवढ्यावर थांबलो असतो तर आकडा 122 टक्के राहिला असता. मोठ्या उत्साहाने काम वाटून दिलं आणि माणूस जवळपास तितकाच दबलेला, हे असं होतं.

खरा फरक पडला तो न लिहिलेल्या कामाला हात लावल्यावर. ज्या बैठकांत ताईंना फक्त ‘असू द्या’ म्हणून बोलावलं जायचं त्या काढल्या, 5 तास परत मिळाले. क्षमता 28 झाली, काम 28, म्हणजे 100 टक्के. मग 6 तासांचं एक काम पुढच्या पंधरवड्यात ढकललं आणि ग्राहकाला नवी तारीख त्याच दिवशी सांगितली. उरले 22 तास, 28 पैकी. 79 टक्के.

मुलाकडे मात्र आता 54 तासांत 47 तासांचं काम झालं होतं, म्हणजे 87 टक्के. त्याचं 5 तासांचं एक काम तिसऱ्या एका सहकाऱ्याने घेतलं, तेव्हा तोही 78 वर आला. हे बघणं गरजेचं असतं, कारण एका पाठीवरचं पोतं उतरवून दुसऱ्या पाठीवर ठेवलं तर आपण फक्त दबलेल्या माणसाचं नाव बदललेलं असतं. डेटा हलवायचं ते मोठं काम त्या पंधरवड्यात कोणालाच दिलं नाही. ते तीन आठवडे पुढे गेलं. व्यवस्थापकांना ते आवडलं नाही, पण त्यांच्यासमोर कागद होता, आणि कागदावर त्या 40 तासांना कुठेच जागा नव्हती.

पुढच्या पंधरवड्यापासून आम्ही दोन गोष्टी बदलल्या. अडल्यावरचे फोन आता तीन जण आळीपाळीने घेतात. आणि कोड तपासणं हे स्वतंत्र काम म्हणून तपासणाऱ्याच्या नावावर, तासांसह लिहिलं जातं. या दुसऱ्या बदलाला सुरुवातीला कुरकुर झाली, ‘आता तपासायलाही तिकीट बनवायचं का’ अशी. पण त्यामुळे ताईंच्या नावावरची कामं 6 वरून 11 झाली आणि पहिल्यांदाच यादी त्यांच्याबद्दल थोडंफार खरं बोलू लागली.

या हिशोबाच्या मर्यादाही आहेत. सगळा डोलारा अंदाजांवर उभा आहे, आणि अंदाज माणसागणिक बदलतात. कोणी भीतीने जास्त लिहितो, कोणी उत्साहाने कमी. म्हणून 82 आणि 88 यांतल्या फरकावरून मी काहीच ठरवत नाही. 57 आणि 146 यांतल्या फरकावरून ठरवतो. दुसरं असं की दोन माणसांचे टक्के एकमेकांशी तुलना करायला नाहीतच. मुलाचे 57 टक्के बघून ‘हा रिकामा बसतो’ असं कोणी म्हणालं, तर पुढच्या वेळी तो 31 तासांच्या कामावर 50 तास लिहील, आणि मग हिशोबच संपला. म्हणून आमच्याकडे टक्क्यांचा कागद भिंतीवर लागत नाही. प्रत्येकाला त्याचा स्वतःचा आकडा कळतो, आणि नियोजनाच्या वेळी आम्ही फक्त 100 च्या वर कोण आहे एवढंच बोलतो.

आणि क्षमता ही माणसाला कायमची चिकटवलेली पाटी नव्हे. रमजानमध्ये माझे स्वतःचे तास बदलतात. सहरीनंतर मी लवकर बसतो, डोकं दुपारपर्यंत चांगलं चालतं, आणि चारनंतरची बैठक मी टाळतो. कॅलेंडरमध्ये मी ते आधीच लिहून ठेवतो, जसे आमचे कोकणातले सहकारी गणपतीची रजा आधीच लिहून ठेवतात. तान्हं मूल असलेल्याचे तास वेगळे, परीक्षा देणाऱ्याचे वेगळे. कारण सांगायची कोणावर सक्ती नाही, दिवसाचे किती तास धरायचे एवढंच सांगावं. ‘पाच धरा’ म्हणणाऱ्याचे पाच धरायचे. आठ धरून पाचच मिळण्यापेक्षा ते सगळ्यांच्या सोयीचं असतं.

हा सगळा हिशोब सहा जणांसाठी मांडायला मला पंधरवड्याला दीड तास लागतो. आधी रिकामे अंदाज भरायचे, पडून राहिलेली कामं बाजूला काढायची, कॅलेंडर आणि रजा बघायच्या, दुसऱ्यांसाठी गेलेला वेळ विचारायचा, आणि मागच्या पंधरवड्याचा आकडा शेजारी ठेवायचा. माझे हे दीड तास मी माझ्याच क्षमतेतून वजा करतो. ते कुठल्याही यादीत दिसत नव्हते, म्हणून आता त्यांचंही एक तिकीट बनवलंय.